चाळीस युरोंची ओळ

ऑनलाइन कॅसिनोने बोनसवर जिंकलेले पैसे रद्द केले, अशी तक्रार तपासायला येते तेव्हा समोर नेहमी दोन गोष्टी असतात. एक खेळाडूचा मेल, जो बहुतेक वेळा लांब, तापलेला आणि प्रामाणिक असतो. दुसरी त्याच्या खात्याचा लॉग. त्यात प्रत्येक डावाची एक ओळ असते: वेळ, खेळाचं नाव, लावलेली रक्कम, मिळालेली रक्कम, शिल्लक. हजार-दोन हजार ओळींच्या या तक्त्यात कॅसिनोने एखादीच ओळ पिवळी करून पाठवलेली असते आणि तिच्या जोरावर सगळी जीत शून्यावर आणलेली असते. या कामात पहिली सवय लागते ती मेल बाजूला ठेवून पिवळी ओळ वाचण्याची. त्या ओळीच्या वरच्या आणि खालच्या ओळी वाचण्याची सवय लागायला मात्र वेळ लागतो, आणि मला जे म्हणायचं आहे ते या दुसऱ्या सवयीतून आलेलं आहे. कमाल बेटची मर्यादा आणि खेळांचं वेटेज हे दोन्ही नियम हिशेबाच्या दृष्टीने रास्त आहेत. त्यांच्याशिवाय कुठल्याही कॅसिनोला बोनस देणं परवडणार नाही. पण नियम मोडला म्हणून अख्खी जीत काढून घेणं हे त्या हिशेबातून निघत नाही. ते निघतं नियम कधी तपासायचा या निवडीतून, आणि ती निवड पूर्णपणे कॅसिनोच्या हातात असते.

आधी हिशेब पाहू, कारण तक्रार करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो मांडलेला असतो. बोनस म्हणजे बक्षीस नाही. ती अटीवर दिलेली उचल असते. शंभर युरो भरले, कॅसिनोने वर शंभर दिले आणि अट घातली की बोनसच्या ३५ पट, म्हणजे ३,५०० युरोंची उलाढाल झाल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. ही एकेकाळची अगदी सर्वसाधारण अट. उलाढाल म्हणजे तेवढे पैसे हरायचे असं नव्हे, तेवढ्या रकमेच्या बेट लावायच्या. जिंकलेले पैसे पुन्हा लावले तरी ते मोजले जातात. ९६ टक्के परतावा देणाऱ्या स्लॉटवर कॅसिनोचा कट चार टक्के, म्हणजे ३,५०० युरो फिरवले की सरासरी १४० युरो कॅसिनोकडे जातात. शंभरचा बोनस देऊन १४० परत येण्याची अपेक्षा असेल तर धंदा चालतो. आता हाच खेळाडू स्लॉटऐवजी ब्लॅकजॅकवर बसला असं धरा. नीट, तक्त्याप्रमाणे खेळणाऱ्यापुढे ब्लॅकजॅकमध्ये कॅसिनोचा कट साधारण अर्धा टक्का उरतो. ३,५०० वर अर्धा टक्का म्हणजे साडेसतरा युरो. शंभर घेतले, साडेसतरा दिले. वर्षभर वेगवेगळ्या साइटवर हेच करत राहिलं तर ती नोकरीच झाली, आणि ती करणारे लोक आहेतही. वेटेजचा जन्म इथला. ब्लॅकजॅकचं वेटेज दहा टक्के म्हणजे दहा युरोंची बेट उलाढालीत एकच युरो धरली जाते. मग ३,५०० गाठायला ३५,००० फिरवावे लागतात, त्यावर अर्धा टक्का म्हणजे १७५, आणि कॅसिनोचं पारडं पुन्हा जड होतं. काही स्लॉटची नावंच यादीतून वगळलेली दिसतात, त्यामागेही हेच. नेटएन्टच्या ब्लड सकर्सचा परतावा ९८ टक्के आहे. ३,५०० वर कॅसिनोला सत्तरच मिळणार, म्हणून वगळलेल्या खेळांच्या यादीत तो हमखास सापडतो. खेळाडू ती यादी बघून म्हणतो की चांगले खेळ तेवढे काढून टाकलेत. बरोबर आहे, तेवढेच काढायचे असतात.

कमाल बेटच्या मर्यादेमागचं कारण यापेक्षा आडवळणाचं आहे. मोठी बेट लावल्याने कॅसिनोचा कट कमी होत नाही. चार टक्के हे पाच युरोंवरही चार टक्के आणि पाचशेंवरही चार टक्केच. मग मोठ्या बेटला हरकत का? कारण जो लवकर बुडतो तो उरलेली उलाढाल करतच नाही. खेळाडूकडे स्वतःचे शंभर आणि बोनसचे शंभर मिळून २०० युरो आहेत. ते सगळे त्याने एकदम रुलेटमध्ये लाल रंगावर लावले. हिशेब सोपा राहावा म्हणून इथे रुलेट पूर्ण मोजलं जातं असं धरू. युरोपियन चक्रात ३७ पैकी १८ खाने लाल असतात, म्हणजे जिंकण्याची शक्यता ४८.६५ टक्के. हरला तर खेळ संपला. त्याने फक्त २०० ची उलाढाल केली, उरलेल्या ३,३०० वरचा कट कॅसिनोला कधीच मिळणार नाही. जिंकला तर हातात ४०० आले, आता तो उरलेले ३,३०० स्लॉटवर बारीक बेटने फिरवील, त्यात सरासरी १३२ जातील आणि २६८ उरतील. हे २६८ मिळण्याची शक्यता साधारण निम्मी, म्हणून सरासरी हाती येतात १३० युरो. त्याने खिशातून घातले होते शंभर. सुरुवातीपासून पाच-पाच युरो लावत बसला असता तर हाच हिशेब तोट्यात गेला असता. (बारीक बेट लावूनही माणसं मध्येच बुडतात, त्यामुळे खरा तोटा कागदावरच्या चाळीस युरोंपेक्षा कमी भरतो, पण दिशा तीच राहते.) थोडक्यात, उलाढालीची अट हा टोल आहे, आणि मोठी बेट लावणारा निम्म्या वेळा टोलनाक्याच्या आधीच गाडी दरीत घालतो. ती दरी त्याला बोनसमुळे अर्ध्या खर्चात पडते. पाच युरोंची मर्यादा सगळ्यांना नाक्यापर्यंत आणण्यासाठी असते.

इथवर माझी सहानुभूती कॅसिनोच्या बाजूने आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. या अटी म्हणजे लूट आहे असं म्हणणाऱ्याने वरचे आकडे मांडून बघावेत. अडचण पुढे सुरू होते, आणि ती दिसायला एक खातं जवळून पाहावं लागतं. आकडे मी बेतलेले आहेत, पण त्यांची ठेवण या प्रकारच्या तक्रारींत सतत दिसणारी आहे. माल्टाचा परवाना असलेली, युरोंत व्यवहार करणारी साइट. शंभर भरले, शंभर बोनस, ३५ पट उलाढाल, बोनस चालू असेपर्यंत एका डावाला कमाल पाच युरो. खेळाडू बाई आहेत आणि दोन युरोंच्या बेटने खेळतायत. दोनशे डावांत ४०० युरोंची उलाढाल झाली आणि नशिबाने शिल्लक ३४० वर गेली. मग त्यांनी एक नवा स्लॉट उघडला. त्यात बेट लावली ०.४० युरो, आणि पडद्यावर बाजूला एक बटण होतं: फीचर विकत घ्या. हे फीचर म्हणजे खेळातली फुकट फिरक्यांची फेरी. ती एरवी नशिबाने उघडते, इथे बेटच्या शंभर पट मोजून लगेच उघडता येते. बाईंच्या दृष्टीने त्यांची बेट चाळीस सेंट होती, कारण पडद्याच्या तळाशी बेटच्या चौकटीत तोच आकडा होता आणि बटण दाबल्यावरही तोच राहिला. लॉगमध्ये मात्र ओळ उमटली ती अशी: लावलेली रक्कम ४०.००, मिळालेली रक्कम ६१२.००. शिल्लक ९१२. त्यानंतर बाई पुन्हा दोन युरोंवर आल्या, १,५३० डाव खेळून उरलेले ३,०६० युरो फिरवले, त्यात १३२ गमावले आणि ७८० युरो काढण्याचा अर्ज केला. एकूण ओळी १,७३१. त्यातली एक पिवळी. उत्तर आलं की अटींचा भंग झाल्यामुळे बोनस आणि त्यावरची जीत रद्द, भरलेले शंभर परत.

या ओळीने कॅसिनोचं नेमकं किती नुकसान झालं? चाळीस युरोंच्या त्या एका बेटवर कॅसिनोचा कट एक युरो साठ सेंट होता आणि तो इतर बेटइतकाच त्याच्या बाजूने होता. बाई लवकर बुडाल्या नाहीत. उलट सगळा टोल भरून मोकळ्या झाल्या. मर्यादेचा जो हेतू होता, म्हणजे माणसाला नाक्यापर्यंत आणणं, तो पूर्ण साधला गेला होता. वर आणि खाली बघा, असं मी म्हणतो ते यासाठी. ती एक ओळ पुसली, म्हणजे चाळीस परत दिले आणि ६१२ काढून घेतले, तर बाकीचे डाव जसेच्या तसे धरून शिल्लक २०८ उरते. नियमाशी प्रामाणिक राहून द्यायची रक्कम काढायची तर ती २०८ आहे. कॅसिनोने शंभर दिले. मधले १०८ कुठल्या हिशेबाने गेले याचं उत्तर अटींत नसतं. अटी म्हणतात की भंग झाल्यास सर्व जीत रद्द करण्याचा अधिकार आम्ही राखून ठेवतो. राखून ठेवलेला अधिकार मोजपट्टीवर चालत नाही.

त्याहून महत्त्वाची ओळ म्हणजे जी पिवळी होतच नाही. तेच बटण दाबून फीचरने ६१२ ऐवजी पाच युरो दिले असते तर? बाईंचे पस्तीस गेले असते, बहुधा उरलेलेही पुढे गेले असते, आणि पैसे काढण्याचा अर्जच आला नसता. अर्ज आला नाही म्हणजे लॉग कोणी उघडला नसता. मर्यादा ओलांडून हरलेली बेट कधी रद्द होत नाही. तिचे चाळीस युरो परत येत नाहीत. म्हणजे नियम मोडणारी बेट हरली तर ती वैध आणि जिंकली तर अवैध. नाणं उडवताना छापाही कॅसिनोचा आणि काटाही त्याचाच, असा हा डाव आहे. आणि हे कुणाच्या दुष्टपणाने घडतंय असंही नाही. तपासणी पैसे काढतानाच होते, एवढ्याने ते आपोआप घडतं. तपासणारा कर्मचारी त्याच्या जागी बरोबर असतो. त्याच्यासमोर फक्त जिंकलेल्यांच्याच फायली येतात.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: अटी मान्य केल्याची खूण खेळाडूनेच केली होती. हा आक्षेप पोकळ नाही. इंग्लंडमध्ये जुगाराचा करार न्यायालयात वसूल करता येतो तोच मुळी २००५ च्या कायद्यातल्या एका कलमामुळे, जे १ सप्टेंबर २००७ पासून लागू आहे. आधीच्या १८४५ च्या कायद्याने असे करार रद्दबातल ठरवले होते. म्हणजे करार म्हणून दाद मागायची तर कराराच्या अटीही गळ्यात येणारच. २०२४ मध्ये लंडनच्या अपील न्यायालयाने कॅमलॉटच्या लॉटरीच्या एका खटल्यात हे स्पष्ट केलं. खेळाडूला पडद्यावर दहा लाख पौंडांचं बक्षीस दिसलं होतं, ते सॉफ्टवेअरच्या चुकीने दिसलं होतं, आणि टिचकी मारून मान्य केलेल्या अटी तिला लागू होतात असं न्यायालयाने ठरवलं. तिला दहा पौंडच मिळाले. पण २०२१ चा बेटफ्रेडविरुद्धचा निकाल शेजारी ठेवून वाचावा लागतो. तिथे ब्लॅकजॅकवर जिंकलेले सतरा लाखांहून अधिक पौंड खेळातल्या दोषाचं कारण सांगून अडवले होते. उच्च न्यायालयाने अटींची भाषा तपासली. ज्या अटींच्या आधारे पैसे अडवले त्या अटी त्या प्रसंगाला स्पष्टपणे लागू होत नव्हत्या आणि ग्राहकाच्या नीट नजरेस आणूनही दिलेल्या नव्हत्या, म्हणून निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला. दोन्ही खटले बोनसचे नव्हेत. तरी दोन्हींमधून एकच कसोटी निघते: अट मान्य केली एवढं पुरत नाही, ती काय सांगते हे वाचणाऱ्याला कळायला हवं, आणि जितकी ती जाचक तितकी ठळक हवी. २०१५ चा ग्राहक हक्क कायदा याच्याही पुढे जातो. संदिग्ध अटीचा अर्थ ग्राहकाच्या बाजूने लावायचा, आणि करार पाळला नाही म्हणून ग्राहकाकडून प्रमाणाबाहेर रक्कम वसूल करणारी अट अन्यायकारक असू शकते, हे त्यात लिहिलेलं आहे. दीड युरोच्या बेटच्या कटापोटी ६८० युरो, हे प्रमाण कुणीही वाचावं.

संदिग्धपणा कुठे असतो हे कामाने शिकवलेलं आहे. ‘एका बेटला पाच युरो’ असं वाक्य वाचताना सगळ्यांना वाटतं की आपल्याला कळलं. रुलेटमध्ये एका चक्राला दहा वेगवेगळ्या आकड्यांवर एक-एक युरोची चीप ठेवली तर ती एक युरोची बेट की दहाची? लॉगमध्ये दहाची दिसते. ब्लॅकजॅकमध्ये पाच युरो लावून पत्ते बघून दुप्पट केले तर लॉगमध्ये दहा. काही स्लॉटमध्ये जिंकल्यावर पत्त्याचा रंग ओळखून दुप्पट करण्याची सोय असते, तिथे जिंकलेले वीस युरो पणाला लावले तर तीही बेटच. आणि सगळ्यात फसवा भाग म्हणजे ‘बोनस चालू असेपर्यंत’ हे शब्द. पुष्कळ साइटवर आधी स्वतःचे पैसे वापरले जातात आणि बोनस मागे कुलपात राहतो. खेळाडूला वाटतं की आपण आपल्याच पैशांनी खेळतोय, म्हणून तो वीस युरोंची बेट लावतो. पण बोनस खात्यावर ‘चालू’ असतो, आणि मर्यादा त्याच्या स्वतःच्या पैशांवरही लागू झालेली असते. वेटेजमध्येही असाच एक खड्डा आहे. शून्य टक्के वेटेज आणि बंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य टक्के म्हणजे खेळा, पण उलाढालीत काही मोजलं जाणार नाही. बंदी म्हणजे खेळलात तर जीत गेली. अनेक अटींच्या पानांवर एकाच तक्त्यात दोन्ही प्रकारचे खेळ शून्यासमोर लिहिलेले असतात आणि बंदीचं वाक्य तीन पानं पुढे असतं. ब्रिटनच्या स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने २०१८ मध्ये काही मोठ्या कंपन्यांकडून लेखी हमी घेतली ती या प्रकारांवरच होती. खेळावरचे निर्बंध स्पष्ट सांगायचे, मोघम अटींवर बोट ठेवून पैसे जप्त करायचे नाहीत, आणि खेळाडूचे स्वतःचे पैसे उलाढालीच्या अटीत अडकवून ठेवायचे नाहीत. ‘अनियमित खेळ’ हा शब्द त्यानंतर पुष्कळ ठिकाणी आकसला. तरी तो गेलेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक दमदार आहे. बोनसवर पोट भरणाऱ्या टोळ्या आहेत, एकेक जण दहा नावांनी खाती उघडतो, आणि जीत रद्द करण्याचा धाक नसेल तर बोनस देणंच बंद करावं लागेल. टोळ्या आहेत, यात वाद नाही. पण अशा खात्यांचा लॉग उघडला की काय दिसतं? बेट चार युरो नव्वद सेंट. ओळीमागून ओळ, चार नव्वद. वगळलेल्या खेळावर एकही डाव नाही. कारण हे लोक अटी वकिलासारख्या वाचतात. मर्यादा त्यांच्यासाठी भिंत नाही, ती त्यांच्या हिशेबातली एक संख्या आहे. त्यांना पकडायचं तर खाती, पत्ते, पैसे भरण्याची साधनं जुळवावी लागतात आणि ते वेगळं काम आहे. कमाल बेटच्या जाळ्यात सापडतो तो फीचरचं बटण दाबणारा, दुप्पट करणारा, एक शून्य जास्त टाकणारा. ज्याच्यासाठी नियम केला तो सुटतो आणि ज्याच्यापासून कॅसिनोला धोका नव्हता त्याची जीत जाते. एका खऱ्या डावपेचाचा मात्र इथे अपवाद करायला हवा. काही जण कमी वेटेजच्या पण मोठ्या चढउताराच्या खेळावर शिल्लक फुगवतात आणि मग बारीक स्लॉटवर उलाढाल पुरी करतात. प्रत्येक बेट नियमात बसते, पण मिळून ते लाल रंगावर सगळं लावण्याचंच सौम्य रूप आहे. हे एका ओळीत दिसत नाही, पाचशे ओळींच्या आकारात दिसतं. याला आळा घालायचा तर अट तशी स्पष्ट लिहावी लागते, आकड्यांसकट, आणि ती लिहिता येते.

तिसरा आक्षेप तांत्रिक: प्रत्येक बेट लावतानाच अडवणं शक्य नसतं, खेळ वेगवेगळ्या कंपन्यांचे असतात. या आक्षेपावर मी सर्वात कमी विश्वास ठेवतो, कारण पैशाचा प्रवास मला ठाऊक आहे. खेळ बनवणाऱ्या कंपनीकडे खेळाडूचे पैसे नसतात. बटण दाबताच तिचा सर्व्हर कॅसिनोच्या पाकिटाला विचारतो: या खात्यातून ४०.०० वजा करू का? पाकीट शिल्लक बघतं आणि हो किंवा नाही म्हणतं. त्या क्षणी कॅसिनोला तिन्ही गोष्टी ठाऊक असतात: रक्कम चाळीस आहे, खातं बोनसवर आहे, मर्यादा पाचची आहे. शिल्लक कमी असती तर उत्तर ‘नाही’ आलंच असतं. म्हणजे हो म्हणणारा आणि आठवड्याने भंग झाला म्हणणारा एकच. अडवण्याची सोय करता येते याचा पुरावा ब्रिटनने २०२५ मध्ये दिला. ९ एप्रिलपासून ऑनलाइन स्लॉटवर २५ वर्षं आणि त्याहून मोठ्यांना एका डावाला पाच पौंडांची, आणि २१ मेपासून १८ ते २४ वर्षांच्यांना दोन पौंडांची मर्यादा सरकारने घातली. त्यानंतर तिथल्या परवानाधारक साइटवर सहा पौंडांचा स्लॉट फिरतच नाही. वयाप्रमाणे वेगळी मर्यादा, प्रत्येक खेळात, बेट लागण्याआधी. योगायोगाने आकडाही तोच पाच. जो आकडा सरकारने सांगितल्यावर सॉफ्टवेअरमध्ये बसला तो कॅसिनोने स्वतः सांगितल्यावर फक्त अटींच्या पानावर का बसतो, हे कुणी मला समजावून सांगितलेलं नाही. ब्लॅकजॅकबाबत मात्र अडचण खरी आहे. पाच लावून अकरा आले आणि दुप्पट करणं अडवलं, तर चालू हात मध्येच बदलतो आणि खेळाडूला वाईट खेळ खेळावा लागतो. तिथे पहिली बेट अडीचवर रोखणं किंवा दुप्पट केलेली रक्कम मर्यादेतून वगळणं एवढे दोनच सरळ रस्ते उरतात. दुसरा रस्ता काही साइट घेतातही.

ज्यांनी गोव्यात मांडवीतल्या जहाजांवरचे कॅसिनो पाहिले असतील त्यांना हा मुद्दा आकड्यांशिवायही कळेल. प्रत्येक टेबलावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त रकमेची पाटी असते. कुणी जास्त चीप सरकवल्या तर डीलर चेंडू सोडण्याआधी त्या परत सरकवतो. चेंडू थांबल्यावर, आकडा लागला आहे हे बघून, मग पाटीकडे बोट दाखवण्याची पद्धत तिथे चालवून दाखवा. टेबलाभोवती दहा जण उभे असतात. पडद्यावरच्या टेबलाभोवती कुणी नसतं, एवढाच काय तो फरक.

आपल्याकडे बसून परदेशी साइटवर खेळणाऱ्यांची गोष्ट याहून बिकट आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार रद्दबातल असतो आणि जिंकलेली रक्कम दावा लावून वसूल करता येत नाही. मुंबई इलाख्यात तर १८६५ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवरच बंदी घातली. म्हणजे पुण्यात किंवा सोलापुरात बसून कुरासाओच्या परवान्यावरच्या साइटवर बोनस घेणाऱ्याची जीत रद्द झाली, तर तपासायला लॉग मागणारंही कुणी नाही. ब्रिटनमध्ये कंपनीने आठ आठवड्यांत तक्रार मिटवली नाही तर आयबाससारख्या तटस्थ संस्थेकडे खेळाडूला एक पैसा न देता जाता येतं. तिथे गेल्यावर मागायची पहिली गोष्ट म्हणजे पूर्ण लॉग, सगळ्या ओळींसकट, आणि ज्या दिवशी बोनस घेतला त्या दिवशीच्या अटींची प्रत, कारण पान नंतर बदललेलं असतं. पिवळी ओळ कॅसिनो आपण होऊन पाठवतो. बाकीच्या मागाव्या लागतात.

ब्रिटनच्या जुगार आयोगाने १९ जानेवारी २०२६ पासून उलाढालीची अट बोनसच्या दहा पटींवर आणली आहे. वरचाच हिशेब पुन्हा मांडा: शंभराच्या बोनसवर हजाराची उलाढाल, चार टक्क्यांनी चाळीस. कॅसिनोला साठ युरोंची खोट, म्हणून बोनस लहान होणार हे उघड आहे, किंवा वेटेजचे तक्ते आणखी कडक होणार. उलाढाल आखूड झाली की टोलही कमी होतो, आणि लवकर बुडून टोल चुकवण्यातला फायदाही तितकाच घटतो. कमाल बेटच्या नियमाला जे कारण होतं ते दोन-तृतीयांशाहून अधिक वितळतं. तरी नव्या अटींच्या पानांवर पाचचा आकडा जागच्या जागी दिसेल आणि त्याखाली तेच वाक्य असेल की सर्व जीत रद्द करण्याचा अधिकार राखून ठेवला आहे.